"मॅम, आत्ता बारा वाजता इंटरव्ह्यू देता का?" : सोलापुरातल्या एका कॉलचं पूर्ण प्रकरण

माझ्या मावसबहिणीची मुलगी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात अकाउंट्स बघते. बी.कॉम. झालेली, टॅली हातातलं, जीएसटीचे रिटर्न स्वतः भरते, आणि आता पुण्यात जायचं म्हणून तिने मंगळवारी १० जूनला सकाळी कामावर जाता जाता जॉब पोर्टलवर रिझ्युमे अपडेट केला. ११:४० ला फोन. कन्सल्टन्सीतली मुलगी बोलत होती, आवाज घाईचा: "मॅम, अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची पोस्ट आहे, पुणे लोकेशन, क्लायंटचे मॅनेजर आत्ता अव्हेलेबल आहेत, बारा वाजता टीम्सवर जॉइन होऊ शकता का?" म्हणजे हातात वीस मिनिटं, समोर केबिनमध्ये मालक बसलेले, मागे लूमचा खडखडाट, आणि जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख दुसऱ्या दिवशी.

मी पुण्यात बरीच वर्षं रिक्रूटमेंटमध्ये काढलीत, असे कॉल मी स्वतः लावलेत, त्यामुळे पोरीने मला दुपारी फोन केल्यावर पुढचं सगळं जवळून बघता आलं. पुष्कळ जण विचारतात की असा अचानक कॉल आला की काय करायचं, म्हणून हे एकच प्रकरण नीट लिहून काढतोय.

आधी हे बघा की फोन त्याच दिवशी का आला. पोर्टलवर रिक्रूटर सर्च मारताना "अलीकडे कोण अ‍ॅक्टिव्ह" असा फिल्टर लावतो, कारण सहा महिने लॉगिन न केलेल्याला फोन लावून उपयोग नसतो. सकाळी रिझ्युमे अपडेट केला की तुम्ही यादीत वर येता आणि अकरा-बारापर्यंत फोन सुरू होतात. म्हणून अपडेट करायचा तर ज्या दिवशी फोन घेता येईल अशा दिवशी करावा, जीएसटीच्या आदल्या दिवशी नाही, पण ते असो, झालं ते झालं.

आणि "आत्ताच" का? बहुतेक वेळा मॅनेजरने सकाळपासून चार-पाच जणांचे स्लॉट ठेवलेले असतात, त्यातला एक उमेदवार आयत्या वेळी गायब होतो, अर्धा तास मोकळा पडतो आणि मॅनेजर एचआरला म्हणतो दुसरं कोणी आहे का. एचआर कन्सल्टन्सीला विचारते, कन्सल्टन्सी तुम्हाला. म्हणजे तुम्ही दुसऱ्या कुणाच्या मोकळ्या झालेल्या खुर्चीत बसताय. त्यात कन्सल्टन्सीला पैसे मिळतात ते उमेदवार जॉइन झाल्यावर आणि ते कंपनीकडून, सहसा वर्षाच्या पगाराच्या ८.३३ टक्के म्हणजे साधारण एक महिन्याचा पगार, थोडं कमी-जास्त. म्हणून घाई. (तुमच्याकडे कोणी रजिस्ट्रेशनचे पैसे मागितले तर ती कन्सल्टन्सी नाही, फोन ठेवा आणि नंबर ब्लॉक करा.)

फोनवर ती काय बोलली

पोरगी हुशार. फोन घेऊन ती आधी गेटजवळ गेली, तिथं लूमचा आवाज कमी येतो. मग म्हणाली, "मॅम, पोस्टमध्ये मला इंटरेस्ट आहे, पण आत्ता मी ऑफिसात आहे, बाराला जॉइन होता येणार नाही. गुरुवारी सकाळी किंवा शुक्रवारी दुपारनंतर मी मोकळी आहे. कंपनी कुठली आणि इंटरव्ह्यू किती वेळाचा ते सांगता का?"

हे वाक्य साधं वाटतं, पण त्याचा क्रम बघा. इंटरेस्ट आहे हे पहिलं, नाही हे दुसरं, आणि नाहीच्या लगेच पाठोपाठ दुसरी वेळ. रिक्रूटरच्या समोर एक एक्सेल शीट उघडलेलं असतं, त्यात तुमच्या नावापुढे स्टेटसचा एक कॉलम असतो आणि फोन ठेवल्यावर तिला तिथं काहीतरी लिहायचंच असतं. तुम्ही नुसतं "आत्ता नाही जमणार मॅम, नंतर कॉल करा" म्हणालात तर ती तिथं "नॉट इंटरेस्टेड" टाकते, कारण तिच्याकडे लिहायला दुसरं काही नाही. दिवसाला पन्नास-साठ कॉल करणाऱ्या माणसाला तुमचा आवाज संध्याकाळपर्यंत लक्षात राहत नाही. तुम्ही गुरुवार म्हणालात की ती "रिशेड्यूल, गुरुवार" लिहिते आणि तुम्ही यादीत जिवंत राहता. इतकंच.

रिक्रूटरने कंपनीचं नाव सांगायला आढेवेढे घेतले, "क्लायंट कॉन्फिडेन्शियल आहे, तुम्ही हो म्हणालात की सांगते." हे पुष्कळदा होतं आणि त्यात दर वेळी काही काळंबेरं असतंच असं नाही, उमेदवार थेट कंपनीच्या साइटवर अर्ज टाकेल अशी कन्सल्टन्सीला भीती असते. पण नाव माहीत नसताना इंटरव्ह्यूला हो म्हणू नये, त्याला एक अगदी व्यवहारी कारण आहे. एकाच पोस्टसाठी तीन-चार कन्सल्टन्सी धावत असतात, आणि जिने तुमचा रिझ्युमे आधी पाठवला तिच्या नावावर तुमचा प्रोफाइल काही महिने लॉक होतो. दोघींनी पाठवला तर त्यांची आपसात भांडणं लागतात आणि कंपनी कटकट नको म्हणून उमेदवारच बाजूला काढते. तुम्हाला कळतही नाही का काढलं ते. तेव्हा पोरगी म्हणाली, "मॅम, त्या कंपनीत मी आधी अप्लाय केलंय का ते मला बघावं लागेल, नाव कळलं तरच पुढे जाता येईल." यावर नाव मिळालं. रिक्रूटरलाही डबल सबमिशनचा त्रास नको असतो, त्यामुळे हे कारण तिला पटतं, "मला माहिती पाहिजे" एवढंच म्हटलं असतं तर पटलं नसतं.

शेवटी मेलचं. फोनवर मेल आयडी स्पेलिंगने सांगायला-घ्यायला जाऊ नका, बी आणि डी, एम आणि एन यात हमखास गोंधळ होतो आणि मेल भलतीकडे जातो. तिने म्हटलं, "तुमचा ऑफिसचा मेल आयडी मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाका, मी अर्ध्या तासात वेळा लिहून पाठवते." आयडी आला, कन्सल्टन्सीच्या स्वतःच्या डोमेनचा होता, नावाबरोबर जुळत होता. जीमेलचा आयडी आला असता तर मी तिला थांबवलं असतं असं नाही, छोट्या कन्सल्टन्सी जीमेलवरही चालतात, पण मग कंपनीच्या एचआरकडून इन्व्हाइट आल्याशिवाय आधार-पॅन काही पाठवू नको म्हटलं असतं. तसंही ते इंटरव्ह्यूआधी कुणालाच पाठवायचं कारण नाही.

मेलचा पहिला ड्राफ्ट आणि दुसरा

लंचमध्ये तिने मेल लिहिला आणि पाठवायच्या आधी मला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला. मेल इंग्रजीत होता, इथं मराठीत देतो:

"आदरणीय मॅडम, आपल्या टेलिफोनिक संभाषणानुसार आपणास कळवू इच्छिते की आज जीएसटी फायलिंगच्या कामाच्या प्रचंड ताणामुळे आणि आमचे मालक समोर असल्यामुळे मी इंटरव्ह्यूला उपस्थित राहू शकत नाही, त्याबद्दल मनापासून क्षमस्व. तरी कृपया उद्या संध्याकाळनंतर किंवा परवा कधीही अ‍ॅडजस्ट करावे ही नम्र विनंती."

नम्र आहे, चूक एकही नाही, आणि कामाचा नाही. रिक्रूटर हा मेल वाचून काय करणार? "परवा कधीही" असेल तर ती परवा पुन्हा ११:४० ला फोन करून म्हणणार मॅम आत्ता देता का, आणि तुम्हाला तक्रार करायला जागा नाही कारण कधीही तुम्हीच लिहिलंय. दुसरं म्हणजे रिक्रूटर हा मेल जसाच्या तसा कंपनीच्या एचआरला फॉरवर्ड करते, नवीन टाइप करत बसायला तिला वेळ नसतो. म्हणजे "मालक समोर आहेत" आणि "प्रचंड ताण" हे शब्द थेट त्या मॅनेजरच्या स्क्रीनवर जातात ज्याला तुम्हाला महिनाअखेरीच्या क्लोजिंगला बसवायचंय. कारण सांगायचं तर फोनवर सांगा, मेलमध्ये नको. आणि माफी कशाबद्दल? वीस मिनिटांच्या नोटिशीवर येता आलं नाही म्हणून?

मग वेळा ठरवायला बसलो, खरं डोकं इथंच लागतं. बुधवार ११ तारीख, जीएसटीआर-१ चा शेवटचा दिवस, पोर्टल लटकलं तर रात्रीपर्यंत बसावं लागतं, म्हणून बुधवार बाद. गुरुवारी सकाळी हाफ डे टाकता येतो, रिटर्न गेलेला असतो, मालक खूश असतात. शुक्रवारी ती चारला सुटू शकते आणि घर जुळे सोलापुरात, साडेचारला लॅपटॉपसमोर बसणं जरा ओढाताणीचं, म्हणून पाच. पुढचा सोमवारही चालला असता तिला, पण मी नको म्हणालो, मॅनेजरला दोन-तीन बरे उमेदवार मिळाले की तो बाकीच्यांना भेटायचं बंद करतो, आणि आज मागितलेली वेळ दोन-तीन कामाच्या दिवसांच्या पुढे गेली की ती पोस्ट तुमच्यासाठी थंड व्हायला लागते.

संध्याकाळी सातनंतरची वेळ ती देणार होती कारण तेव्हा घरी असते. पण कंपनीचा मॅनेजर सातला घरी जायच्या घाईत असतो, आणि जूनच्या संध्याकाळी आपल्याकडे वारं सुटलं की लाईट जाते, वायफाय त्याच्याबरोबर जातं. सकाळची वेळ सुरक्षित.

गेलेला मेल असा:

"विषय: अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह, पुणे – इंटरव्ह्यूची वेळ – गुरुवार १२ जून ११:०० किंवा शुक्रवार १३ जून ५:००

नमस्कार मॅम,
आज सकाळी आपलं फोनवर बोलणं झालं. या पोस्टच्या इंटरव्ह्यूसाठी मी तयार आहे. आज जॉइन होणं शक्य नाही, खालीलपैकी एक वेळ ठरवता येईल का?
गुरुवार १२ जून, सकाळी ११:०० ते १२:००
शुक्रवार १३ जून, संध्याकाळी ५:०० ते ६:००
वेळ ठरली की टीम्सची लिंक, इंटरव्ह्यू घेणाऱ्यांचं नाव आणि जेडी याच मेलवर पाठवा. रिझ्युमे जोडला आहे. नोटीस पिरियड ३० दिवस."

खाली नाव आणि मोबाइल नंबर. बस्स. जेडी म्हणजे जॉब डिस्क्रिप्शन, पोस्टच्या कामाचं वर्णन. मेल स्वतःच्या जीमेलवरून आणि स्वतःच्या मोबाइल डेटावरून, ऑफिसच्या आयडीवरून किंवा ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून नाही, हे सांगायची गरज नसावी पण लोक करतात बे, खरंच करतात.

वेळा विषयातच आहेत कारण रिक्रूटर मेल मोबाइलवर बघते आणि पुष्कळदा उघडतच नाही, नोटिफिकेशनमध्ये दिसलं तेवढं वाचते. वार आणि तारीख दोन्ही आहेत, आणि ती एकदा कॅलेंडरला लावून बघायची, कारण "गुरुवार १३ जून" असं गेलं की कंपनी तारखेवर जाणार आणि तुम्ही वारावर. दोनच पर्याय आहेत, पाच दिले की समोरचा निवडायचं काम पुढे ढकलतो. आणि प्रत्येक वेळेला शेवटही दिलाय, म्हणजे मॅनेजर अर्धा तास इकडे-तिकडे सरकवू शकतो आणि तुम्हाला परत विचारावं लागत नाही. पुढे तेच झालं.

तीन वाजताचा दुसरा फोन

३:१० ला रिक्रूटर परत. "मॅम, क्लायंट म्हणतोय आज पाचपर्यंत झालं नाही तर प्रोफाइल रिजेक्ट होईल."

इथं बहुतेक जण ढासळतात. पोटात गोळा येतो, मालकाला आई आजारी आहे सांगून बाहेर पडतात आणि रिक्षात बसून इअरफोन लावून इंटरव्ह्यू देतात, मागे हॉर्न वाजतायत, नेटवर्क एक काडी. असा इंटरव्ह्यू दिला की रिजेक्शन तर होतंच, वर त्या कंपनीच्या सिस्टीममध्ये "इंटरव्ह्यूड, रिजेक्टेड" असा शिक्का बसतो आणि बऱ्याच ठिकाणी पुढचे सहा महिने तिथं परत अर्ज घेत नाहीत. न दिलेल्या इंटरव्ह्यूला असा शिक्का नसतो. दोन्हीत हरायचंच असेल तर न देता हरणं स्वस्त.

हा दम खरा होता का? मी तेव्हा पोरीला म्हणालो बहुधा नाही. तपासायची एक सोपी रीत आहे: रिक्रूटरला तोच मुद्दा मेलवर लिहायला सांगा. "ठीक आहे मॅम, आज पाचनंतर पोस्ट बंद होतीये असं मेलवर कळवाल का, म्हणजे मला सुट्टी मागायला सोपं जाईल." खरी डेडलाइन असेल तर मेल येतो आणि मग तुम्ही विचार करू शकता. नसेल तर सूर बदलतो. तिने हे विचारलं आणि सोबत एक मधला रस्ताही दिला: "मॅनेजरांचा पूर्ण राउंड गुरुवारी, पण तुमच्याकडून किंवा एचआरकडून दहा-पंधरा मिनिटांचं प्राथमिक बोलणं असेल तर आज रात्री साडेआठला मी फोनवर मोकळी आहे."

हा मधला रस्ता मला फार आवडला, कारण पगार, नोटीस पिरियड, पुण्यात शिफ्ट व्हायची तयारी एवढंच विचारणारा एचआरचा कॉल आणि कामाचे प्रश्न विचारणारा मॅनेजरचा राउंड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्याला तयारी लागत नाही, तो घराच्या गच्चीवरूनही देता येतो. आणि रिक्रूटरला आजच्या तारखेत दाखवायला काहीतरी मिळतं.

सूर बदलला. ६:२० ला मेलवर रिप्लाय: गुरुवार चालेल, ११:३० ते १२, जेडी जोडली आहे, एचआर आज रात्री बोलेल. पाठोपाठ कॅलेंडर इन्व्हाइट. तिने इन्व्हाइटमध्ये "येस" दाबलं आणि शिवाय त्याच मेलवर एक ओळ टाकली, "गुरुवार १२ जून, सकाळी ११:३० कन्फर्म." दोन्ही करा, कारण "येस" कंपनीच्या एचआरला दिसतं आणि ओळ रिक्रूटरला. संध्याकाळपर्यंत काहीच आलं नसतं तर काय? त्याच मेलवर रिप्लाय करून दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास एकदा विचारायचं, सोबत व्हॉट्सअ‍ॅपवर "मेल पाठवलाय" एवढंच. त्यानंतर नाही. दोनदा लिहून उत्तर नाही म्हणजे पोस्ट भरली किंवा ती नव्हतीच, कधीकधी कन्सल्टन्सी नुसता रिझ्युमेचा साठा करायला फोन लावते.

जेडी आल्यावर कळलेली गोष्ट

फोनवर "अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह" सांगितलेली पोस्ट जेडीत निघाली अकाउंट्स पेएबल, म्हणजे सगळं व्हेंडर पेमेंटचं काम, आणि सॉफ्टवेअर टॅली नाही, सॅप. पोरीने सॅप पाहिलेलं नव्हतं. मंगळवारी बाराला बसली असती तर पहिल्याच प्रश्नाला अडकली असती. बुधवारी रिटर्न वेळेत गेला, मग रात्री तिने सॅपमध्ये व्हेंडरचं बिल कसं बुक होतं, पर्चेस ऑर्डर, माल मिळाल्याची नोंद आणि बिल या तीन गोष्टी कशा जुळवतात ते बघून घेतलं. जुळवणी ती रोज करतेच, कारखान्यात सुताची बिलं आली की चलनाला लावून बघणं हेच तर काम, फक्त तिकडे त्याला नाव वेगळं.

गुरुवारी मॅनेजर दहा मिनिटं उशिरा आले. सॅप वापरलंय का विचारलं, तिने सरळ नाही सांगितलं आणि टॅलीत ती जुळवणी कशी करते ते सांगितलं. मग जीएसटीआर-२बी आणि पर्चेस रजिस्टर जुळलं नाही तर काय करता, हा प्रश्न, तो तर तिचा दर महिन्याचा. पंचवीस मिनिटं चाललं.

प्रत्येक वेळी असा स्लॉट मागावा असं मी म्हणत नाही. वॉक-इन ड्राइव्ह असेल, बीपीओची घाऊक भरती असेल, तिथं कोणी तुमच्यासाठी वेळ राखत नाही, जायचं असेल तर त्याच दिवशी जावं लागतं. नोकरी सुटलेली आहे, घरी बसलाय, तर गुरुवार मागण्यात अर्थ नाही, "पाऊण तास द्या, जेडी पाठवा, १२:३० ला जॉइन होतो" म्हणा, तेवढ्यात जेडी वाचून होते, शर्ट बदलून होतो.

शुक्रवारी रिक्रूटरचा परत फोन, यावेळी "मॅम, दुसरा राउंड फेस टू फेस, सोमवारी सकाळी दहाला पुण्यात या." हुतात्मा एक्सप्रेस सकाळी इथून निघून पुणे स्टेशनला पोचेपर्यंत साडेदहाच्या आसपास होतात, तिथून खराडीतलं ऑफिस म्हणजे अजून पाऊण तास धरा. यावेळी मला फोन न करता तिने थेट मेल टाकला, जुन्याच थ्रेडवर, विषयात सोमवार १६ जून, १२:३० किंवा २:००, आणि एक ओळ की सोलापूरहून ट्रेनने येतेय. १२:३० मिळाले.